टेस्टर दोन्ही भोकांत वाजतो तेव्हा

हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याजवळ टांगलेला, जाडसर पेनासारखा दिसणारा टेस्टर आता पुष्कळ घरांत पोहोचला आहे. जुना टेस्टर म्हणजे पारदर्शक मुठीत निऑनचा बारका दिवा बसवलेला स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक उघड्या धातूला टेकवावं लागायचं आणि मागच्या टोपीला बोट लावायचं. उन्हात तो दिवा लागलाय की नाही, यावर घरात वाद व्हायचे. नवा टेस्टर वायरला स्पर्शही करत नाही. आवरणावरूनच, सेंटीमीटरभर अंतरावरून लाल दिवा लुकलुकवतो आणि पीं-पीं वाजतो. म्हणून तो हातात आला की माणसाला वाटतं, आता फेज कुठली हे कळलंच. वाजली ती फेज आणि गप्प ती न्यूट्रल.

बहुतेक वेळा हे खरंही असतं. पण वाजणं आणि गप्प राहणं यांचा हा सरळ अर्थ काही ठरावीक जागी मोडतो, आणि नेमक्या त्याच जागी माणूस वायरला हात घालायला निघालेला असतो. त्यातली नेहमी आढळणारी एक परिस्थिती घेऊ.

फ्लॅटच्या मागच्या अर्ध्या भागातले दिवे आणि पंखे एकदम बंद पडले आहेत. पुढच्या खोल्यांत सगळं ठीक आहे. एमसीबी पडलेला नाही. स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये फ्रीजचा प्लग लावलेला आहे, पण फ्रीज मुका आहे. घरातलं कुणीतरी टेस्टर आणतं आणि शेजारच्या सॉकेटच्या उजव्या भोकात घालतं. तो वाजतो. ठीक, फेज आहे. मग डाव्या भोकात घालतं. तिथंही वाजतो, तितक्याच जोरात. आता घरात दोन मतं होतात. एक म्हणतं, टेस्टर बिघडला. दुसरं म्हणतं, दोन्हीकडे फेज आली, कुठेतरी शॉर्ट झालंय. दोन्ही मतं चुकीची आहेत. टेस्टर नीट काम करतोय आणि शॉर्टही झालेलं नाही. तसं असतं तर एमसीबी केव्हाच पडला असता. वायरमन आला की बोर्ड न उघडताच म्हणतो, ‘न्यूट्रल गेलंय.’

त्याला हे कसं कळलं, ते समजायला टेस्टरच्या पोटात शिरावं लागतं.

आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्टची आणि सेकंदाला 50 आवर्तनं करणारी असते. फेजच्या वायरवरचा दाब जमिनीच्या तुलनेत सतत वर-खाली होत असतो, आणि त्यामुळे वायरभोवती एक बदलतं विद्युत क्षेत्र तयार होतं. पीव्हीसीचं आवरण करंटला अडवतं, क्षेत्राला अडवत नाही. टेस्टरच्या टोकात प्लॅस्टिकखाली धातूचा एक तुकडा असतो. वायर आणि तो तुकडा मिळून एक अतिशय छोटा कपॅसिटर होतो, साधारण एका पिकोफॅरडच्या घरातला. त्यातून पन्नास हर्ट्झवर काही दशकं नॅनोअँपिअर इतकाच करंट जाऊ शकतो. हा करंट इतका नगण्य असतो की तो हातातून, अंगातून, पायाखालच्या फरशीतून जमिनीकडे जातो आणि आपल्याला कळतही नाही. टेस्टरमधलं सर्किट तेवढाच करंट हेरून मोठा करतं, आणि दिवा लावतं.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात आणि पुढची सगळी फसगत त्यांतून येते. पहिली, टेस्टरला वायरमधून करंट वाहतोय की नाही याच्याशी देणंघेणं नाही. दिवा चालू असताना न्यूट्रलमधून फेजइतकाच करंट वाहतो, तरीही टेस्टर न्यूट्रलजवळ गप्प राहतो, कारण न्यूट्रलवरचा दाब जमिनीच्या जवळपास असतो. दुसरी, टेस्टरला कळतं ते फक्त ‘इथे बदलतं क्षेत्र आहे’ एवढंच. दाराबाहेरून फोडणीचा वास आला की आत काहीतरी शिजतंय हे कळतं. कुठल्या कढईत, हे कळत नाही. टेस्टरचं तसंच आहे.

आता त्या सॉकेटकडे परत जाऊ. फ्रीजचा प्लग लावलेला आहे. फेज उजव्या पिनेतून आत गेली, कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगमधून फिरली आणि डाव्या पिनेतून न्यूट्रलच्या वायरवर आली. एरवी ती वायर मीटरकडे परत जाते, तिच्यातून करंट वाहतो आणि सगळा दाब वाइंडिंगवर खर्च होतो. पण न्यूट्रल वाटेत कुठेतरी तुटलेली आहे. करंटला परतीची वाट नाही, म्हणून करंटच नाही. करंट नाही म्हणजे वाइंडिंगवर दाब खर्च होत नाही, आणि वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना पूर्ण 230 व्होल्ट उभे राहतात. तुटलेल्या जागेपलीकडची सगळी न्यूट्रल, मागच्या प्रत्येक खोलीतली, फ्रीजमधून फेजला बांधली गेली आहे. टेस्टर डाव्या भोकात वाजला तो बरोबरच वाजला. चूक आपली, की वाजणाऱ्या प्रत्येक वायरला आपण फेज म्हणत होतो.

ही न्यूट्रल धोकादायक असते का? हो, पुरेपूर. कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचा अडथळा माणसाच्या अंगाच्या अडथळ्यापुढे काहीच नाही. जमिनीवर उभं राहून त्या ‘न्यूट्रल’ला हात लावला तर फेजला लावल्यासारखाच झटका बसेल. काळ्या वायरला काही होत नाही, असं समजून बोर्डात हात घालणाऱ्याला इथेच दगा होतो. घरात आरसीसीबी असेल आणि तो वायरिंगच्या त्या भागाआधी असेल, तर अंगातून गेलेला करंट परतीच्या वायरने न आल्याचं ओळखून तो पडेल. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या फरकाला पडण्यासाठी बनवलेले असतात. आरसीसीबी नसेल तर साधा एमसीबी जागचा हलणार नाही.

वायरमन पुढे काय करतो? बंद पडलेल्या भागातल्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढतो, दिव्यांचे स्विच बंद करतो. फेज न्यूट्रलवर पोहोचवणारी वाट त्याने तोडली. आता टेस्टर डाव्या भोकात एकतर गप्प बसतो किंवा कुरकुरत, दबक्या आवाजात वाजतो. नंतर फ्रीजचा प्लग पुन्हा लावला की पुन्हा जोरात वाजतो. एवढ्यावर निदान पक्कं होतं. मल्टिमीटर असेल तर आकडेही तेच सांगतात. फ्रीज लावलेला असताना फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये 230 च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्येही तितकेच, आणि फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जवळजवळ शून्य. मीटर शून्य दाखवतोय आणि दोन्ही वायर जिवंत आहेत, हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही.

तुटलेली जागा शोधणं मग सोपं होतं. घरातली वायरिंग एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात उड्या मारत जाते. जो शेवटचा बोर्ड नीट चालतोय आणि जो पहिला बंद आहे, त्या दोनपैकी एकाच्या मागे सैल झालेला स्क्रू किंवा चिकटपट्टी गुंडाळलेला पिळाचा जोड सापडतो. सैल जोड तापतो, म्हणून तिथलं आवरण काळवंडलेलं किंवा आखडलेलं असतं. मेन स्विच बंद करून ते कापून, नवं टोक काढून आवळलं की घर पूर्ववत.

हीच न्यूट्रल घराबाहेर, इमारतीच्या मुख्य जोडणीत तुटली तर गोष्ट निराळी आणि अधिक महागडी होते. तिथे तीन फेज असतात. न्यूट्रल गेल्यावर वेगवेगळ्या फ्लॅटमधल्या वस्तू दोन फेजच्या मध्ये जणू ओळीने जोडल्या जातात, आणि ज्या फ्लॅटमध्ये भार कमी तिथला दाब 230 च्या कितीतरी वर चढतो. दिवे भगभगतात, टीव्ही जळतात. टेस्टर या प्रसंगी निरुपयोगी आहे. 180 व्होल्ट असोत की 350, तो सारखाच वाजतो.

फेज शोधण्याचं नेहमीचं काम करताना होणारी फसगत याहून सौम्य असते, पण जास्त गोंधळात पाडते. जुना पंखा उतरवला आहे आणि छतातून तीन-चार वायर लोंबताहेत. जुन्या घरात रंगांवर विसंबण्यात अर्थ नसतो. ज्या दिवशी लाल वायर संपली त्या दिवशी उरलेलं काम काळीने झालेलं असतं. इथे टेस्टर खरंच उपयोगी आहे, पण त्याची एक पद्धत आहे. मेन बंद करून आधी त्या वायर एकमेकींपासून वितभर दूर वाकवायच्या, टोकं कशालाही टेकू द्यायची नाहीत. चार वायरींच्या जुडग्यात एक फेज असली तरी टेस्टर चारींजवळ वाजतो. मग मेन चालू करायचा. टेस्टर आधी एखाद्या नक्की चालू असलेल्या सॉकेटवर वाजवून पाहायचा आणि मगच एकेका वायरीच्या आवरणाजवळ न्यायचा. ज्या टेस्टरला संवेदनशीलता कमी-जास्त करायची सोय असते, त्याची ती कमी करून ठेवलेली बरी. शेवटी खाली कुणालातरी पंख्याचा स्विच चालू-बंद करायला सांगायचं. जी वायर स्विचबरोबर वाजते आणि स्विचबरोबर थांबते, ती पंख्याकडे येणारी फेज.

निदान पुस्तकात तरी असं होतं. प्रत्यक्षात पुष्कळदा ती वायर स्विच बंद केल्यावरही वाजतच राहते, थोडी मंद. गंमत म्हणजे पंखा उतरवण्याआधी तिच्याजवळ टेस्टर नेला असता तर ती गप्प असती.

पंखा जोडलेला असताना स्विच बंद केला तरी ती वायर पंख्याच्या वाइंडिंगमधून न्यूट्रलला बांधलेली असते. न्यूट्रल जमिनीच्या दाबावर, म्हणून तीही जमिनीच्या दाबावर. पंखा काढला की तिची दोन्ही टोकं सुटतात: एकीकडे बंद स्विच, दुसरीकडे हवा. अशी अधांतरी वायर भिंतीतल्या पाईपमधून दुसऱ्या एखाद्या कायम चालू फेजला खेटून पाच मीटर आलेली असेल, तर त्या दोन वायरींचा मिळून एक लांबोडका कपॅसिटर होतो. मीटरला पन्नासेक पिकोफॅरड धरले तर पाच मीटरला अडीचशे. टेस्टरच्या टोकातल्या एका पिकोफॅरडपुढे हे भरपूरच. त्यातून दाब पलीकडच्या वायरवर उतरतो. डिजिटल मल्टिमीटर लावला तर तोही 60, 90, कधी शंभराच्या वर व्होल्ट दाखवतो, कारण त्याचा स्वतःचा अडथळा दहा मेगाओहमच्या घरात असतो आणि इतक्या कमी करंटलाही तो रोखून धरतो. मीटरने टेस्टरच्या बाजूने साक्ष दिली, म्हणून माणसाची खात्री पटते की स्विच खराब झाला.

हा दाब पोकळ आहे. अडीचशे पिकोफॅरडमधून 230 व्होल्टला जास्तीत जास्त 18 मायक्रोअँपिअर मिळू शकतात. चाळीस वॅटचा साधा पिवळा बल्ब पेटायला त्याच्या सुमारे दहा हजारपट करंट लागतो. म्हणून जुने वायरमन अजूनही पिशवीत होल्डरला दोन वायर जोडलेला एक बल्ब ठेवतात. त्याचं एक टोक या संशयित वायरला आणि दुसरं न्यूट्रलला लावलं की पोकळ दाब तत्क्षणी कोसळतो. बल्ब पेटत नाही आणि बल्ब जोडलेला असताना टेस्टरही गप्प होतो. खरी फेज असेल तर बल्ब लख्ख पेटतो. एकच खबरदारी, की हा बल्ब फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये लावू नये. आरसीसीबी असेल तर तो लगेच पडेल. आणि अर्थिंग धड नसेल तर घरातल्या अर्थिंगला जोडलेल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर फेज चढेल.

अशा पोकळ दाबाचा पुरावा पुष्कळांनी टेस्टरशिवायही पाहिलेला असतो. रात्री सगळे स्विच बंद केल्यावर एखादा एलईडी बल्ब मिणमिणत राहतो किंवा थोड्याथोड्या वेळाने डोळा मारतो. पिवळ्या बल्बला जे करंट जाणवलंही नसतं, ते एलईडीच्या सर्किटमधला कपॅसिटर साठवतो आणि पुरेसं साठलं की क्षणभर पेटतो. याचं दुसरं कारण मात्र पोकळ नाही: स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलेला असू शकतो. नियमाप्रमाणे एकेरी स्विच फेजच्या वायरमध्येच हवा. तो न्यूट्रलमध्ये असला तरी दिवा नीट लागतो आणि नीट विझतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. पण स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज उभी असते. बल्ब काढून, स्विच बंद ठेवून टेस्टर होल्डरजवळ जोरात वाजला आणि स्विच चालू केल्यावरही तसाच वाजला, तर हा दोष असण्याची शक्यता मोठी. इथे टेस्टर खरं बोलतो आणि स्विच खोटं. नक्की काय ते पुन्हा बल्ब किंवा मीटर लावूनच ठरवायचं.

शेतातल्या पंपावर हाच प्रकार तीन फेजमध्ये होतो. पंप चालू असताना एक फ्यूज उडतो. पंप घरघरतो, तापतो, पाणी कमी पडतं. शेतकरी टेस्टर घेऊन फ्यूजच्या पुढच्या बाजूला तिन्ही ठिकाणी लावतो. तिन्ही ठिकाणी वाजतो, म्हणून फ्यूज ठीक आहेत असं ठरतं आणि दोष पंपाच्या माथी जातो. उडालेल्या फ्यूजपुढची वायर मोटरच्या वाइंडिंगमधून उरलेल्या दोन फेजना जोडलेली असते. मोटर थांबलेली असली तरी त्या वायरवर जमिनीच्या तुलनेत एका फेजच्या निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दाब राहतो, आणि फिरत असली तर मोटर स्वतःच त्यावर जवळजवळ पूर्ण दाब तयार करते. टेस्टरला 115 पुरेसे आहेत. इथे मीटरने दोन-दोन फेजमधला दाब मोजावा. फ्यूज शाबूत असतील तर तिन्ही जोड्यांत 400 च्या जवळपास, एकसारखे आकडे येतात. किंवा पुरवठा बंद करून फ्यूज काढून तपासावेत, हे जास्त सोपं.

इथवर टेस्टर नको तिथे वाजला. त्याचं न वाजणं याहून वाईट, कारण वाजणारा टेस्टर निदान हात मागे घ्यायला लावतो.

न वाजण्याची कारणं त्या नॅनोअँपिअरच्या वाटेवरच शोधायची. ही वाट वायरपासून टोकापर्यंत, तिथून हातात, अंगात आणि जमिनीत जाते. कुठेही ती अडली की टेस्टर मुका. सगळ्यांत सरळ अडथळा म्हणजे वायरभोवतीचा जमिनीला जोडलेला धातू. जुन्या इमारतींत वायरिंग लोखंडी पाईपमधून नेलेली आढळते. मीटरपासून वर येणारी किंवा विहिरीकडे जाणारी केबल पुष्कळदा पोलादी तारांचं चिलखत असलेली, आर्मर्ड असते. ते लोखंड अर्थिंगला जोडलेलं असेल तर क्षेत्र त्याच्या आतच संपतं. आतली वायर जिवंत, बाहेर टेस्टर थंड. भिंतीला खिळा ठोकण्याआधी टेस्टर फिरवून ‘इथे वायर नाही’ ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. ओल धरलेल्या भिंतीचा गिलावाही थोड्याफार प्रमाणात हेच करतो. आणि कधी उलटं करतो, क्षेत्र भिंतभर पसरवतो, मग टेस्टर हातभर पट्ट्यात सगळीकडे वाजतो. भिंतीतल्या वायरचा माग काढायला हे साधन बनलेलंच नाही.

दोन वायर एकाच आवरणात असतील तर कुठल्या बाजूने टोक धरलं यालाही महत्त्व येतं. चपट्या दोरीच्या एका कडेला टेस्टर वाजतो आणि दुसऱ्या कडेला गप्प बसतो. पिळाच्या दोरीवर काही सेंटीमीटरला वाजतो, पुढच्या काहींना थांबतो. तीन फेज एकाच केबलमध्ये असतील तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी पुसून टाकतात. म्हणून दोरी किंवा केबल तपासताना टोक चहूबाजूंनी फिरवायचं आणि थोडं लांबपर्यंत न्यायचं.

वाटेचं दुसरं टोक म्हणजे माणूस. टेस्टर हातात घट्ट धरलेला असावा, असं उत्पादक माहितीपत्रकात लिहितात ते उगाच नाही. अंग आणि जमीन यांच्यामध्ये साधारण शंभर पिकोफॅरडची कपॅसिटन्स असते, ती टेस्टरच्या टोकापेक्षा कितीतरी मोठी, म्हणून लाकडी स्टुलावर उभं राहिलं तरी तो बहुधा वाजतो. पण उंच फायबरच्या शिडीवर, जाड रबरी हातमोजे घालून, चारी बाजूंना फेजच्या वायर असलेल्या पॅनेलपुढे उभ्या असलेल्या माणसाचं अंगच त्या वायरींच्या दाबाकडे ओढलं जातं. अंग आणि वायर यांच्यातला फरक घटला की टेस्टरला पकडायला काही उरत नाही. टेस्टर टेबलावर ठेवून त्याच्याजवळ वायर नेणं हा तर निव्वळ फसवणुकीचा मार्ग.

तिसरा अडथळा सगळ्यांत साधा, सेल उतरलेला असणं. निऑनच्या टेस्टरला सेल लागत नव्हता. नव्या टेस्टरमध्ये दोन बारके सेल असतात आणि ते ड्रॉवरमध्ये पडल्यापडल्या मरतात. काही टेस्टर चालू असल्याची खूण म्हणून हिरवा दिवा दाखवतात. तो आतलं सर्किट चालतंय एवढंच सांगतो, टोकाला काही कळतंय की नाही हे नाही. म्हणून वायरमनच्या शिक्षणात तीन पायऱ्या शिकवतात. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी टेस्टर वाजवायचा. मग जिथे काम करायचं तिथे तपासायचं. आणि मग पुन्हा पहिल्या ठिकाणी जाऊन वाजवायचा, कारण सेल किंवा टेस्टर मधल्या अर्ध्या मिनिटातही दगा देऊ शकतो. तिसरी पायरी बहुतेकजण गाळतात. आणि हे सगळं झाल्यावरही उघड्या धातूला हात लावण्यापूर्वी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग, न्यूट्रल-अर्थिंग अशा तिन्ही जोड्या मीटरने किंवा बल्बने तपासायच्या. बिनस्पर्शाचा टेस्टर ‘अजून हात लावू नकोस’ हे सांगायला उत्तम आहे. ‘आता लाव’ हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

त्याच्या पहिल्या गुणाचं चांगलं उदाहरण इन्व्हर्टरच्या घरात मिळतं. मेन स्विच बंद केला, घर अंधारात गेलं नाही, कारण दिवे-पंख्यांची वायरिंग इन्व्हर्टरवर आहे आणि त्याने क्षणात सूत्रं हाती घेतली. दिवसा दिवे बंद असतात, तेव्हा हे लक्षातही येत नाही. मेन पाडून निर्धास्तपणे बोर्ड उघडणाऱ्याच्या हाताआधी टेस्टर तिथे पोहोचला तर तो वाजतो, आणि इथे त्याचं वाजणं सरळ अर्थाने घ्यायचं. इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लहरींचा असला तरी फरक पडत नाही. दाब बदलतो आहे एवढं टेस्टरला पुरतं.

दाब बदलतच नसेल तर मात्र तो कायमचा बहिरा. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या वायरींवर टेस्टर वाजत नाही, आणि 12 व्होल्टला झटक्याची भीती नसल्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण आता घरांच्या आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल आली आहेत. ती ओळीने जोडलेली असतात आणि त्यांच्यापासून खाली येणाऱ्या दोन वायरींवर उन्हात काहीशे व्होल्टचा एकदिश दाब असतो. ऊन आहे तोवर तो तिथे असतो, खालचा मेन बंद केला तरी. त्या केबलीवर टेस्टर टेकवला, चहूबाजूंनी फिरवला, नवे सेल घातले, आधी आणि नंतर सॉकेटवर वाजवून पाहिला, तरीही तिथे तो शांतच राहील. तिथे लागतो डीसीवर लावलेला, तेवढ्या व्होल्टसाठी बनवलेला मीटर, आणि त्याआधी पॅनेलजवळचा डीसी आयसोलेटर बंद करण्याची माहिती असलेला माणूस. आयसोलेटर बंद केला तरी त्याच्या आणि पॅनेलच्या मधला वायरचा तुकडा सूर्य मावळेपर्यंत जिवंतच असतो.